उललेल्या ओठांचा फोटो

हिवाळ्यात काढलेल्या पोर्ट्रेटमधले ओठ झूम करून बघा. त्यावर दोन प्रकारच्या खुणा दिसतात. एक म्हणजे बारीक उभ्या रेषा, ज्या जन्मापासून आपल्या असतात. दुसऱ्या म्हणजे थंडीनं पडलेल्या भेगा आणि सुटलेली सालपटं. फोटो ‘साफ’ करायला बसलं की प्रश्न इथेच सुरू होतो. यातलं काय त्या माणसाचं आहे, आणि काय फक्त त्या आठवड्याचं?

ब्युटी फिल्टरला हा प्रश्न पडत नाही. तो बारीक, गडद-उजळ तपशील शोधतो आणि पुसट करतो. त्याच्या लेखी रेषा आणि भेग एकच. म्हणून फिल्टर लावलेले ओठ रबरी दिसतात: हनुवटीवर त्वचेची छिद्रं दिसतात आणि वरती ओठ मात्र मेणाचे. फरक माणसालाच करावा लागतो, आणि तो करायचा तर आधी ओठ वाचता यायला हवेत.

रेषांना शिस्त असते. ओठाच्या मध्यावर त्या साधारण उभ्या असतात, कोपऱ्यांकडे जाताना पंख्यासारख्या तिरक्या होत जातात. काही मध्येच दुभंगतात, काही एकमेकींना छेदतात. १९७० च्या सुमारास जपानमध्ये सुझुकी आणि त्सुचिहाशी या संशोधकांनी या रेषांचे प्रकार पाडले, आणि ओठांच्या ठशांवरून माणूस ओळखता येईल का, याचा अभ्यास त्यातून वाढला. भेगेला अशी शिस्त नसते. ती रेषांना आडवी जाते किंवा एखादी रेष फाडून रुंद करते, तिच्या कडा लालसर असतात. सालपट पांढरट असतं, त्याची एक कड उचललेली असते आणि तिची बारीकशी सावली खाली पडते.

समजा, जानेवारीतल्या सकाळी काढलेला एका मुलीचा फोटो आहे. खालच्या ओठावर डावीकडे तीन सालपटं, मध्यावर एक खोल भेग. फोटोशॉपमध्ये मूळ फोटोला हात न लावता वर एक रिकामा लेयर घ्यायचा आणि हीलिंग ब्रशला Current & Below निवडायचं. ब्रश सालपटापेक्षा किंचितच मोठा ठेवायचा. हा ब्रश जिथून नमुना घेतो तिथला पोत आणतो आणि रंग-उजेड नव्या जागेशी जुळवतो. त्यामुळे सगळं अवलंबून असतं नमुना कुठून घेतला यावर. डावीकडच्या सालपटासाठी नमुना डावीकडूनच, शक्यतो त्याच रेषेच्या वरच्या किंवा खालच्या भागातून घ्यायचा. उजवीकडून घेतला तर रेषांचा कल उलटा येतो आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. ब्रश नेहमी रेषेच्या दिशेनं फिरवायचा, आडवा नाही. ओठाच्या कडेपाशी मात्र हीलिंग ब्रश त्वचेचा रंग ओठात ओढतो आणि कड पुसट होते. तिथे क्लोन स्टॅम्प बरा.

खोल भेग पूर्ण बुजवायची नसते, कारण बहुतेकदा ती खऱ्या रेषेवरच पडलेली असते. त्यासाठी ५० टक्के करड्या रंगाचा लेयर Soft Light मोडमध्ये घ्यायचा आणि मऊ पांढऱ्या ब्रशनं, Flow दोन-तीन टक्के ठेवून, भेगेचा काळोख थोडा थोडा उजळत जायचा. शेजारच्या रेषांइतकी ती दिसू लागली की थांबायचं. म्हणजे भेग जाते, रेष उरते. शेवटी हीलिंगच्या लेयरची Opacity थोडी कमी करून बघायची. पुष्कळदा ७०-८० टक्क्यांवरच ओठ खरे वाटतात.

जास्त झालं हे कसं कळतं? खालच्या ओठावरची चमक बघा. खऱ्या ओठावर ती रेषांमुळे तुटक असते. ती एकसंध पट्टा झाली असेल, तर रेषाही गेल्या.

ही झाली हाताची गोष्ट. आता मनाची.

रिटचिंग करणाऱ्यांमध्ये एक साधा नियम चालतो: जे दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढावं, जे राहील ते ठेवावं. पुटकुळी काढा, तीळ ठेवा. सालपट काढा, रेष ठेवा. नियम चांगला आहे, कारण तो सौंदर्याबद्दल काहीच बोलत नाही, फक्त काळाबद्दल बोलतो. पण ओठ त्याला लगेच अडचणीत आणतात.

माझ्या ओळखीतली एक मुलगी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत होती. हे औषध तेलग्रंथींचं काम मंदावतं. ओठांवर मुळातच घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्याही जवळपास नसतात आणि वरचा थर पातळ असतो. त्यामुळे हे औषध घेणाऱ्या बहुतेकांचे ओठ उलतात, आणि उपचार कित्येक महिने चालतात. तिच्या स्थळासाठीच्या फोटोबद्दल तिची मावशी म्हणाली, “ओठ एकदम गुळगुळीत करून टाका हो.” ती म्हणाली, “मावशी, सालपटं काढू देत. पण माझे ओठ माझेच दिसू देत.” दोन आठवड्यांचा नियम इथे सालपटं ठेवायला सांगतो. तरी मला तिचं बरोबर वाटतं. सालपटं औषधाची होती, रेषा तिच्या. प्रश्न खूण किती दिवस राहील एवढाच नव्हता, त्या माणसाला ती आपली वाटते का, हाही होता. आणि ते आपल्याला फोटोतून कळत नाही, विचारावं लागतं.

आता तेच ओठ दुसऱ्या फोटोत ठेवा. उसाच्या फडात दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईचा बातमीसाठी काढलेला फोटो. तिच्या ओठांच्या भेगाही मलमानं भरतील, पण बातमीच्या फोटोत एक सालपटही काढता येत नाही. ऊन, वारा, कमी पडलेलं पाणी, हे सगळं त्या भेगांत नोंदलेलं असतं. ओठांच्या कोपऱ्यांना पडणाऱ्या चिरा तर कधी लोहाच्या किंवा ‘ब’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेकडेही बोट दाखवतात. त्या पुसणं म्हणजे पुरावा पुसणं.

डोरोथिया लँगचा १९३६ मधला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो आठवतो. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा येत होता. तो १९३९ मध्ये निगेटिव्हवर पुसट केला गेला, आणि एवढ्याशा गोष्टीवरही त्या काळी आक्षेप घेतला गेला. पण त्या बाईच्या कपाळावरच्या आठ्या तशाच राहिल्या. अंगठ्याशिवाय तो फोटो तोच राहतो. आठ्यांशिवाय राहिला असता का?

म्हणून मला वाटतं, ओठ साफ करणं हे आपोआप खोटं नाही आणि न करणं हे आपोआप खरं नाही. प्रत्येक फोटो बघणाऱ्याला काहीतरी वचन देतो. स्थळाचा फोटो म्हणतो, ‘मी अशी दिसते.’ तिथे सालपटं गेली तरी वचन मोडत नाही, रेषा गेल्या तर मोडतं, कारण भेटायला येणारा माणूस त्याच ओठांना भेटणार असतो. बातमीचा फोटो म्हणतो, ‘त्या दिवशी हे असं होतं.’ तिथे दोन्ही ठेवावं लागतं. ब्रश एकच, ओठही एकच. वचन कोणतं दिलंय, ते मात्र ब्रश उचलण्याआधी ठरलेलं असावं लागतं.