माझा हप्ता किती दिवसांचा?

माझ्या कारचं कर्ज ८ लाखांचं आहे. व्याजदर ९ टक्के, स्थिर, मुदत पाच वर्षं. दर महिन्याला १६,६०७ रुपये जातात. पाच वर्षांत साधारण ९ लाख ९६ हजार भरले जातील, म्हणजे व्याज १ लाख ९६ हजार. ॲपवर हाच आकडा दिसतो आणि तो बरोबरच आहे. फक्त तो वेगवेगळ्या काळातले रुपये एकाच ढिगात मोजतो.

समजा, महागाई पाचही वर्षं ६ टक्के राहिली. मग शेवटच्या हप्त्याच्या १६,६०७ रुपयांत जेवढं सामान येईल, तेवढं कर्ज घेताना १२,४०० रुपयांत येत होतं. सगळे हप्ते असे कर्ज घेतल्या दिवसाच्या रुपयांत आणून मिळवले तर बेरीज ८ लाख ६२ हजारांच्या आसपास येते. म्हणजे कर्जाची खरी किंमत १ लाख ९६ हजार नव्हे, ६२ हजार. महागाई २ टक्केच राहिली, तर तीच किंमत १ लाख ४८ हजार होते. कागद तोच, सही तीच, हप्ताही तोच.

बँकेला हे कळत नाही असं नाही. अपेक्षित महागाई धरूनच ती दर ठरवते. त्यामुळे स्थिर दराच्या कर्जात आपला खरा फायदा किंवा तोटा होतो तो अपेक्षेपेक्षा वेगळ्या निघालेल्या महागाईमुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली होती. ती तिथेच राहिली असती, तर ९ टक्क्यांचं कर्ज खरोखरच जवळपास ९ टक्क्यांना पडलं असतं.

आता प्रश्न असा, की महागाई वाढल्यामुळे माझे जे पैसे वाचतात, ते येतात कुठून? बँक मध्ये उभी असते. तिच्या मागे ठेवीदार असतात, माझ्या बाबांसारखे. २०२०-२१ मध्ये महागाईची सरासरी ६.२ टक्के होती आणि मोठ्या बँकेत पाच वर्षांच्या ठेवीवर साधारण ५.४ टक्के मिळत होते. लाखाचे वर्षभरात १,०५,४०० होणार, पण लाखात येणारं सामान १,०६,२०० चं झालेलं. व्याज मिळूनही ८०० रुपये कमीच, आणि हे कर भरायच्या आधी.

ही चोरी नाही. ठेवीदारानेही दर बघूनच सही केलेली असते, मीही. पण ही माझी कमाईही नाही. कर्ज घेऊन महागाईला हरवलं असं मित्र सांगतात, तेव्हा तो हुशारीचा भाग कुठला, हे मला सापडत नाही.

हिशेबात अजून एक खाच आहे. हप्ता हलका होतो तो महागाईने नव्हे, पगार वाढल्याने. पगार महागाईबरोबर वाढेल, हे आपण न बोलता धरलेलं असतं. माझा पगार ७० हजार आहे. दरवर्षी ८ टक्के वाढला, तर पाचव्या वर्षी तो ९५ हजारांवर जातो. आज हप्त्यासाठी मला महिन्याचे सात दिवस काम करावं लागतं, तेव्हा पाच दिवस पुरतील.

आमच्या सोसायटीत पार्सल घेऊन येणाऱ्या एका मुलाच्या बाइकचा हप्ता ३,००० रुपये आहे. त्याला एका पार्सलचे ३० रुपये मिळतात आणि हा भाव दोन वर्षांत हललेला नाही. पहिला हप्ता १०० पार्सलांचा होता, आताचाही १०० पार्सलांचाच. दरम्यान तेल, भाजी, खोलीचं भाडं सगळं चढलं. सूत्र त्याला सांगेल, तुझं कर्ज स्वस्त झालं. प्रत्यक्षात हप्ता भरायला पूर्वीएवढेच कष्ट पडतात आणि घरखर्चासाठी उरलेल्या पैशांत कमी सामान येतं.

म्हणून व्याजदरातून महागाई वजा करण्याआधी कर्जदाराने स्वतःच्या उत्पन्नाची वाढ बघावी. ती शून्य असेल, तर ९ टक्के म्हणजे पूर्ण ९ टक्केच. सरकारी महागाईचा आकडा सगळ्यांना सारखा लागू होतो, पगारवाढ तशी होत नाही.

माझ्या मते, नैतिक प्रश्न इथे आहे. महागाई कर्जदाराला मदत करते असं सरसकट म्हटलं, की माझ्यासारखा पगारदार आणि तो मुलगा एकाच रांगेत बसतात. बाबांच्या ठेवीची किंमत घटते, पण त्याचा फायदा सगळ्या कर्जदारांपर्यंत सारखा जात नाही. ज्याला पगारवाढ मागता येते, त्याच्याकडेच तो थांबतो. मी तो नाकारू शकत नाही, हप्त्याची रक्कम करारात ठरलेली आहे. पण त्याला शहाणपण म्हणायचं की नशीब, एवढं तर माझ्या हातात आहे.