‘थोडं बोलायचं होतं’

शनिवारी संध्याकाळी सव्वासातला सहकाऱ्याचा निरोप येतो : ‘थोडं बोलायचं होतं. वेळ आहे का?’ बस, एवढेच. लेखाविभागात त्याचे टेबल आपल्या शेजारी आहे, आणि गुरुवारीच आपण त्याचे एक बिल त्रुटी काढून परत केले आहे. आता चित्त स्थिर राहील कसे? त्याला राग आला असेल, त्याने साहेबांना सांगितले असेल, अशी एकाला दुसरी जोडत आपण आठपर्यंत बदलीच्या आदेशापाशी जाऊन पोहोचतो.

त्या निरोपाकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात दोनच गोष्टी आहेत : बोलण्याची इच्छा आणि वेळेची विचारणा. राग, तक्रार, बिल हे शब्द त्याचे नाहीत. ते आपण भरले. ‘बोलायचं होतं’ यातला ‘होतं’ आपल्याला फार टोचतो, जणू मनात बरेच दिवस काही साठले आहे. पण मराठी माणूस संकोचला की वर्तमानातली गोष्टही भूतकाळात बोलतो. दुकानात आपण ‘अर्धा किलो गूळ हवा होता’ म्हणतो, तो अजून हवाच असतो. हा ‘होतं’ पुष्कळदा भिडेचा असतो. अर्थात, भिडस्त माणसालाही तक्रार असू शकते. म्हणून ‘काही नसेल हो’ अशी स्वतःची समजूत घालणे हाही एक तर्कच, फक्त गोड.

मग उत्तर काय द्यावे? भयाने सुचणारे पहिले उत्तर बहुधा असे असते : ‘माझं काही चुकलं का?’ हे नम्र दिसते, पण नीट पाहिले तर त्यात याचना आहे. बोलायचे होते त्याला. आता आधी आपले समाधान करण्याचे काम त्याच्यावर पडले. समजा, त्याच्या वडिलांचे ऑपरेशन ठरले आहे आणि त्याला रजेची अदलाबदल हवी आहे. तो ‘नाही नाही, तसं काही नाही’ असे लिहितो आणि स्वतःची गोष्ट गिळतो. आणि समजा, विषय खरोखर त्या बिलाचाच आहे. तर त्याला ‘नाही’ म्हणून खोटे बोलावे लागते, किंवा जे समोरासमोर सौम्यपणे सांगायचे ते दोन ओळींत कठोरपणे लिहावे लागते.

माझ्या मते कसोटी ही : विषय कोणताही निघो, लिहिलेले उत्तर मागे घ्यावेसे वाटू नये. या कसोटीला उतरणारे उत्तर साधे असते : ‘हो, बोलूया. सोमवारी अकराच्या चहाला बसू. विषय थोडक्यात कळवलात तर त्या तयारीने येतो. तातडीचं असेल तर आज नऊपर्यंत फोन करा.’ ‘हो’ने त्याची भीड मोडते. ठरलेली वेळ त्याच्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि आपल्या काळजीलाही कुंपण घालते. विषय विचारण्यात गैर काही नाही, मात्र तो एकदाच विचारावा. त्याने ‘भेटल्यावर सांगतो’ म्हटले, तर पुन्हा खोदू नये. काही गोष्टी माणसाला लिहवत नाहीत. शेवटचे वाक्य त्याच्यासाठी आहे : वडील आजच रुग्णालयात असतील तर सोमवार दूर आहे. निरोप वरिष्ठांचा असेल तर वेळ आपण ठरवू नये, आपण केव्हा मोकळे आहोत तेवढे सांगावे.

उत्तर न देणे हाही मार्ग दिसतो, पण निरोप वाचल्याची खूण त्याला दिसली असेल, तर मग त्या मौनात तोही आपल्यासारखेच तर्क भरू लागतो. त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्याला विचारणे : ‘तुला काही बोलला का रे तो?’ त्याने जे फक्त आपल्याला सांगायचे ठरवले होते, ते त्याच्या तोंडून निघण्याआधीच कार्यालयात फिरू लागते. एवढी एक गोष्ट मात्र मी साधी चूक मानत नाही. तो त्याच्या विश्वासाचा भंग आहे.

उत्तर पाठवले म्हणून धडधड लगेच थांबेल असे नाही. रविवारी दुपारी ती पुन्हा येईल. तेव्हा दुसरा निरोप लिहू नये. हवे तर ते परत केलेले बिल आठवून त्रुटी खरी होती का एवढे पाहावे, खरी असेल तर ती कोणत्या शब्दांत कळवली तेही. प्रत्येक अशा निरोपाने झोप उडत असेल, छाती भरून येत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवावे. तेवढे काम चांगल्या उत्तराने होत नाही.

सोमवारी चहा आला की आधी त्याला बोलू द्यावे. बिलाचा विषय आपण काढू नये.