चेहऱ्यापेक्षा चौकट खरी

जरीपटक्याच्या बाजारात मोबाईल कव्हरच्या दुकानांत हल्ली डोळे मोठे अन् केस रंगीत असलेल्या पात्रांची छापील चित्रं लटकलेली दिसतात. दुकानदाराच्या लेखी ती सगळी एकच: ‘ॲनिमेवाली’. गिऱ्हाईक पोरगं मात्र एकेका पात्राचं नाव विचारतं, आणि तिथे चेहरा पाहून उत्तर देणारा हमखास फसतो.

लाल केसांच्या हिमेकोचंच घ्या. ‘होनकाई इम्पॅक्ट थर्ड’ या खेळात मुराता हिमेको आहे. त्याच कंपनीच्या, २६ एप्रिल २०२३ रोजी आलेल्या ‘होनकाई: स्टार रेल’मध्येही हिमेको आहे. केस लाल, नाव एक, तोंडवळाही बराचसा तोच. पण खेळ दोन आणि पात्रंही दोन. चित्राच्या तळाशी COGNOSPHERE असा हक्काचा मजकूर असला तरी अडचण सुटत नाही, कारण दोन्ही खेळांच्या जागतिक आवृत्तीच्या चित्रांवर तोच येऊ शकतो. चिनी लिपीत 姬子 किंवा जपानीत 姫子 लिहिलेलं असलं, तर पहिल्या अक्षराच्या ठेवणीवरून आवृत्ती चिनी की जपानी एवढं कळतं. खेळ कोणता, हे त्यावरूनही कळत नाही.

ते कळतं चौकटीवरून. पहिल्या खेळात पात्रांचा दर्जा B, A, S अशा अक्षरांनी दाखवतात, दुसऱ्यात ताऱ्यांनी. चार ताऱ्यांना जांभळी पार्श्वभूमी, पाच ताऱ्यांना सोनेरी. म्हणून चित्रावर S दिसला तर स्टार रेलचा विचार सोडायचा. सोनेरी पट्टीवर पाच तारे दिसले तर पहिल्या खेळाचा सोडायचा, पण एवढ्यावर थांबायचं नाही. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सुद्धा सोनेरी आणि जांभळ्याचाच हिशेब ठेवतो. तेव्हा पुढची खूण पाहायची ती तत्त्वचिन्हाची.

स्टार रेलमध्ये सात तत्त्वं आहेत आणि त्यांत ‘क्वांटम’ व ‘इमॅजिनरी’ येतात. गेन्शिनमध्येही सातच आहेत, पण त्यांत ही दोन नाहीत. तिथे वनस्पती आणि खडक आहेत. अग्नी मात्र दोघांकडे आहे, त्यामुळे नुसती ज्वाळा पाहून निर्णय देऊ नये. ज्वाळेच्या जोडीला दुसरं चिन्ह शोधावं. स्टार रेलच्या प्रत्येक पात्राला ‘मार्ग’ असतो, आणि खेळाच्या जाहिरातींत नावापाशी तत्त्व व मार्ग या दोहोंचा उल्लेख बहुधा सापडतो. पाच तारे, Fire आणि The Erudition हे तिन्ही एकत्र दिसले की चाळणी फार बारीक होते. खेळ सुरू झाला तेव्हा या तिन्ही कसोट्यांना उतरणारी एकटी हिमेकोच होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली टोपाझही पंचतारांकित आणि अग्नीचीच, पण तिचा मार्ग The Hunt. म्हणजे मार्गाचं चिन्ह कापलं गेलं, तर संशयाला पुन्हा जागा होते. पात्रांची भर पडतच असते, म्हणून आज एकटं ठरणारं नाव वर्षभराने एकटं राहीलच असं नाही. चित्र कधीचं आहे, हेही विचारावं लागतं.

चौकटीवर एवढा भरवसा ठेवण्याचं कारण कलेत नाही, विक्रीत आहे. या खेळांत पात्रं नशिबाच्या सोडतीतून मिळतात. गेन्शिनच्या पात्र-सोडतीत पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, आणि नव्वदाव्या खेपेपर्यंत एक मिळण्याची हमी. सोनेरी रंग म्हणजे त्या ०.६ टक्क्याचं दर्शनी लेबल. चित्रकार पात्राचा पेहराव बदलेल, सणाचे कपडे चढवेल, केस मोकळे सोडेल. पण ज्या खुणेवर गिऱ्हाईक पैसे मोजतं ती खूण बदलणं कंपनीला परवडत नाही. अपवादही दिसायला वेगळाच ठेवतात: २०२१ मध्ये गेन्शिनने दुसऱ्या खेळातली ॲलॉय पाच ताऱ्यांची म्हणून दिली, तीही सोडतीविना, आणि तिच्या चित्रामागचा रंग नेहमीच्या सोनेरीहून निराळा ठेवला. पोरांना हे सांगावं लागत नाही; चित्र पाहताना त्यांची नजर आधी कडेलाच जाते.

खोटं पकडायलाही याच खुणा कामी येतात. हौशी चित्रकार स्वतःच्या कल्पनेतल्या पात्राला अधिकृत वाटेल अशी चौकट लावतात, आणि तीच चित्रं उतरवून कव्हरवर छापली जातात. त्यात गेन्शिनच्या वनस्पतिचिन्हाशेजारी स्टार रेलचा मार्ग दिसला, तर ते पात्र कोणत्याच खेळात शोधू नये. आणि कोपऱ्यात UID व त्यापुढे आकडे असतील, तर ते जाहिरातीचं चित्र नसून कुणाच्या तरी खेळातला स्क्रीनशॉट आहे. तो आकडा खेळाडूच्या खात्याचा असतो, त्याचा पात्राच्या ओळखीशी काही संबंध नाही.

कव्हरवाला बहुधा कडाच कापतो. फोनच्या मापात चित्र बसवायचं असतं, आणि कॅमेऱ्याच्या भोकात तारे गेले तरी त्याला फिकीर नसते. मग हिमेकोच्या हातातली पेटी आणि कॉफीचा कप शोधायचा, आणि सापडला नाही तर ‘हिमेको असावी’ एवढंच म्हणायचं.