मधल्या सुट्टीपर्यंतची शाळा

लखनौच्या मानक नगरात, आरडीएसओच्या रेल्वे वसाहतीत, आजोबांचे तेरावे आटोपले की नातवाला दुसऱ्याच दिवशी पूर्णवेळ शाळेत धाडतात. नित्यक्रमाने मन सावरते, हे खरेच. पण लहान मुलाचे दुःख लाटेसारखे येते. खेळता खेळता मूल तिसऱ्या तासाला अचानक रडते. म्हणून वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्यावी: पहिले तीन दिवस मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्णवेळ, घरी ‘आजोबा वारले’ असेच सांगितले आहे, ‘झोपले’ म्हणू नये, रडू आल्यास कोणाकडे जायचे, घ्यायला कोण येईल. बाकीची मुले याला लाड म्हणतील? पाय मोडलेल्याच्या सवलतीला कोणी तसे म्हणत नाही. मात्र सवलतीची शेवटची तारीख चिठ्ठीतच लिहा.