दोनशे तिसावं पाकीट

आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत येसर भाजायला घेतलं की वर्तमानपत्र बाजूला ठेवावं लागतं. धान्यं, डाळी आणि मसाले एकेक करून खमंग भाजतात, मग दळतात. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला येसर म्हणजे काय ते सांगावं लागतं, इथल्या माणसाला फक्त आमटीला किती चमचे घालायचे एवढंच विचारायचं असतं. शेजारच्या वहिनींनी त्याचा छोटा धंदा केलाय. पाव किलोचं पाकीट दीडशे रुपयांना. भाजणं-दळणं बिडकीनच्या तीन बायका करतात, पाकिटं वहिनी भरतात, आणि हिशेब, गेल्या वर्षापर्यंत तरी, गल्ला ठेवायचा.

गेल्या वर्षी जालना रोडवरच्या एका लॉनवर शनिवार-रविवारचं प्रदर्शन होतं, त्यात वहिनींनी पहिल्यांदा स्टॉल घेतला. रविवारी रात्री अकराला परत आल्या त्या हसतच. ओट्यावर पैसे मोजले, मोबाइलवरचे त्यात मिळवले, आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साडेसेहेचाळीस हजार!" आम्हाला पेढे मिळाले. मीही दोन खाल्ले, नंतरचा प्रकार कळल्यावर जरा संकोच वाटला.

त्यांचे सासरे, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. पैठणच्या लाइनीवर बरीच वर्षं काढली. पेढा हातात धरून त्यांनी एकच विचारलं, "पाकिटामागे सुटतं काय?"

"दीडशेला जातं ना, अण्णा."

"जातं दीडशेला. सुटतं काय?"

माल, भाजणावळ, दळण, पिशवी, लेबल धरून पाकीट नव्वदला पडत होतं. म्हणजे सुटत होते साठ. अण्णांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर साठ लिहिलं, त्याला गोल केला, आणि खर्च सांगायला लावला.

स्टॉलचं भाडं 12,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 2,160. वहिनी म्हणाल्या, जीएसटी तर परत मिळतो. मिळतो, पण ज्याची नोंदणी आहे त्याला. वहिनींची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, त्यामुळे नोंदणी नाही आणि भरलेला कर हा सरळ खर्चच. भाडं झालं 14,160. अण्णांनी त्याला साठने भागलं: 236. "ही पाकिटं नुसती जागेला गेली. अजून तू खुर्चीवर बसली नाहीस."

सजावटीला साडेचार हजार गेले होते. भाड्याचे रॅक, वर दिव्यांची माळ, आणि तीन फ्लेक्स. तिन्ही फ्लेक्सवर प्रदर्शनाची तारीख छापलेली, म्हणून सोमवारपासून ते माळ्यावर पाण्याची टाकी झाकायला. बिडकीनच्या तिघींची मजुरी दोन दिवसांची 3,000. जेवणखाण 900. माल न्यायला टेम्पो 1,000. आणि प्रदर्शन रात्री दहाला बंद झालं, आवरून निघेपर्यंत साडेदहा. त्या वेळी बायकांना स्टँडवर सोडून "बघा मिळतेय का गाडी" असं म्हणता येत नाही, म्हणून दोन्ही रात्री भाड्याची कार, 1,200 प्रमाणे 2,400. दिवसा त्याच बायका एसटीने अर्ध्या तिकिटात गेल्या असत्या. 2023च्या मार्चपासून बायकांना निम्मं भाडं आहे, हे कंडक्टरच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण प्रश्न तिकिटाचा नव्हताच, वेळेचा होता.

शेवटी फुकट वाटप. पंचवीस ग्रॅमच्या चारशे छोट्या पुड्या. आतला माल नऊ रुपयांचा, छापील पिशवी सहाची. पुडीमागे पंधरा, म्हणजे 6,000.

एकूण 31,960. भागिले साठ. अण्णांनी 533 लिहून पेन्सिल खाली ठेवली. विकली गेली होती 310 पाकिटं. त्यातून सुटले 18,600. पेढे वाटले तो दिवस 13,360 रुपये तोट्याचा होता.

"पण गल्ल्यात तर आहेत की पैसे," वहिनी म्हणाल्या.

"आहेत. त्यातले अठ्ठावीस हजार तुझ्या धान्या-मसाल्याचे आणि बिडकीनच्या बायकांचे आहेत. पुढचा घाणा काढायला ते लागणार. कंडक्टरच्या बॅगेतपण पैसे असतात."

मग त्यांनी तीच संख्या तासांत मोडली. दोन दिवस, अकरा-अकरा तास, म्हणजे बावीस तास. 533 पाकिटांना तासाला चोवीस लागतात, दर अडीच मिनिटाला एक, जेवणाच्या वेळेसकट. स्टॉलवर उभं राहिलेल्या माणसाला हे असं सांगितलं की लगेच कळतं. टक्केवारी सांगितली तर मान हलवतात आणि विसरतात.

या वर्षी त्याच लॉनवर पुन्हा प्रदर्शन लागलं. वहिनी जायचं म्हणाल्या, अण्णा नको म्हणाले नाहीत. फक्त वही उलटीकडून सुरू केली. आधी विक्री, तीही हात राखून: मागच्या वेळी 310, या वेळी 250 धरू. त्यातून सुटतील 15,000. आता भाडं, सजावट, माणसं, वाटप या सगळ्यांनी मिळून या पंधरा हजारांत राहायचं.

भाडं सगळ्यात आधी कापलं. गोधड्या करणाऱ्या एका ताईंबरोबर स्टॉल निम्मा वाटून घेतला. आयोजकांना विचारून, कारण जागा परस्पर वाटून घेतलेली बऱ्याच ठिकाणी चालत नाही. वाट्याला करासकट 7,080 आले. सजावटीला घरातल्या लाकडी पायऱ्या, त्यावर जुनी काठाची साडी, आणि तारीख नसलेला कापडी फलक 1,800 चा. तो सहा वेळा तरी चालेल म्हणून अण्णांनी वहीत 300 धरले. वहिनींनी अडवलं, "पैसे तर आजच गेले ना?" बरोबर होतं. अण्णांनी शेजारी दुसरा रकाना आखला, हातातून गेलेल्या पैशांचा. बारीकसारीक 400 धरून सजावट 700.

माणसांचं कोडं मोबाइलने सोडवलं. मागच्या प्रदर्शनाच्या यूपीआयच्या नोंदी अजून फोनमध्ये होत्या, प्रत्येकीपुढे वेळ. दीडशेच्या वर नोंदी, आणि दोन्ही दिवसांच्या मिळून दुपारी चारच्या आतल्या पंचवीससुद्धा नाहीत. म्हणजे भर दुपारी तिघीजणी एकमेकींशी बोलत बसल्या होत्या आणि त्याचे पैसे वहिनी देत होत्या. एसटीच्या भाषेत भारमान नसताना जादा गाडी सोडली होती. या वेळी बिडकीनची एकच बाई, अकरा ते सहा, जाऊन-येऊन एसटीने, तिकिटाला दिवसाचे शंभर धरले. मजुरी पाचशे. संध्याकाळी पाचपासून गल्लीतल्या दोन मुली, तीनशे-तीनशे. कारचा खर्च असा गेला. रिक्षा आणि खाणं धरून माणसांचे 3,500.

वाटपावर मात्र घरात वाद झाला. पुड्या दिल्याशिवाय लोक थांबत नाहीत, असं वहिनींचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं होतं की पुडी मिळालेला माणूस थांबतच नाही, जातो. आणि घरी एका वेळची आमटी होईल एवढं येसर खिशात असताना आज पाकीट कशाला घेईल? मला दोघांचंही पटत होतं, पण मागच्या वेळी एकच पोरगं तीनदा हात पुढे करून गेलेलं मी पाहिलं होतं. शेवटी ठरलं की चव द्यायची, माल नाही. घरून थर्मासमध्ये गरम आमटी, कागदी कपात दोन घोट, तीनशे कपांना 600. पुड्या साठच, 900 च्या. कुणाला द्यायच्या ते वहिनींनी ठरवायचं.

वर अडीअडचणीला हजार. बेरीज 13,780. भागिले साठ, 230. पेन्सिलीने गोल.

शनिवारी अण्णा स्टॉलमागे स्टूल टाकून बसले. पुढ्यात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद, आखलेला वेबिलासारखा. पूर्वी प्रत्येक टप्प्यावर तिकिटांचे शेवटचे नंबर लिहायचे, तसं दर दोन तासांनी खोक्यातली उरलेली पाकिटं मोजायची आणि आकडा टाकायचा. गल्ल्याशी ताळा बसला पाहिजे. शनिवारी चारला एका पाकिटाचा फरक आला, ते गोधडीवाल्या ताईंच्या पिशवीत निघालं. त्यांनी घरी न्यायला ठेवलं होतं, पैसे द्यायचे राहिले होते.

अडचण आली ती विजेची. निम्म्या जागेत एकच प्लग, तोही पलीकडच्या अंगाला. दुसऱ्या पॉइंटचे आयोजकांनी 700 घेतले. हजारातून ते गेले, वहिनींचा चेहरा बदलला नाही.

रविवारी संध्याकाळी गर्दी वाढली आणि घासाघीस सुरू झाली. एक बाई तीन पाकिटं हातात धरून म्हणाल्या, "चारशेला द्या की तिन्ही." मागच्या वर्षी वहिनींनी दिली असती. या वेळी त्यांचे ओठ क्षणभर हलले. तिन्हींवर सुटतात 180. चारशेला दिली तर 130. त्यांनी खालून एक पुडी काढली, पंधरा रुपयांची, पाकिटांवर ठेवली आणि म्हणाल्या, "किंमत तीच ताई, पण ही माझ्याकडून." बाई खूश होऊन गेल्या. येसर कोरडं, दुसऱ्या दिवशी नासत नाही, मग शेवटच्या तासाला पडेल भावात काढायची घाई कशाला? साठ पुड्या अशाच एकेक करून गेल्या.

सव्वासातला अण्णांनी कागदावर आडवी रेघ मारली. "दोनशे तीस झाली. आता इथून पुढचं तुझं."

रात्री मोजलं तेव्हा 268 पाकिटं. गल्ला 40,200, मागच्यापेक्षा सहा हजारांनी कमी. मुलींचे चेहरे जरा पडले. सुटलेले 16,080, खर्च 13,480, उरले 2,600. फलकाचे पूर्ण पैसे धरले तर प्रत्यक्ष हातात 1,100. वहिनींची स्वतःची दोन दिवसांची मजुरी त्यात कुठेच नव्हती, आणि अण्णांनी तीही पानाच्या कडेला लिहून ठेवली, बेरजेत न घेता. पेढे काही आले नाहीत.

मंगळवारी मी कसलं तरी पार्सल द्यायला गेलो तेव्हा वहिनी फोनवर होत्या. पुढच्या महिन्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनाचा माणूस कोपऱ्याचा स्टॉल घ्या म्हणत होता. दोन्ही बाजूंनी मोकळा, भाडं वीस हजार अधिक कर. त्याचा आवाज मला उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होता, गर्दी किती असते ते तो सांगत होता. वहिनींनी फोन खांद्याला दाबून धरला आणि पार्सलच्याच खोक्यावर लिहिलं: 23,600. खाली साठ. मग 394.

"तुमचं प्रदर्शन रोज किती तास चालतं?" त्यांनी विचारलं.