पुनर्रचनेचा ईमेल आणि अर्धं खरं

‘बदलत्या बाजारपेठेच्या पार्श्वभूमीवर संस्थेची पुनर्रचना करण्यात येत असून काही भूमिकांवर त्याचा परिणाम होईल.’ आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. यातला एकही शब्द खोटा नाही. बाजारपेठ बदलतेच आहे, पुनर्रचनाही होतेच आहे. तरी ईमेल वाचून झाल्यावर माणूस शेजारच्याकडे वळतो आणि विचारतो, ‘म्हणजे नक्की काय? आपलं काय?’

आपल्याकडे याला जुना शब्द आहे: ‘नरो वा कुंजरो वा’. युधिष्ठिराने सांगितलं ते खरंच होतं, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता. पण द्रोणांनी जे समजावं म्हणून ते सांगितलं, ते खोटं होतं. त्यामुळे मला वाटतं, अशा ईमेलमधला प्रामाणिकपणा शब्दाशब्दांत शोधून सापडत नाही. ज्याची नोकरी पणाला लागली आहे त्याला वाचल्यावर खरं चित्र कळलं का, हे बघावं लागतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: हे का होतंय, त्यात मी आहे का, आणि उद्या काय.

5 मे 2020 ला एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्कीने कर्मचाऱ्यांना पाठवलेलं पत्र या तीन प्रश्नांसाठी वाचण्यासारखं आहे. कोविडमुळे जगभरचा प्रवास थांबला होता. साडेसात हजारांपैकी जवळपास 1,900 लोक, म्हणजे चारातला एक, जाणार होते. पत्रात आधी कारण येतं, तेही आकड्यासकट: यंदाचं उत्पन्न 2019 च्या निम्म्याहूनही कमी राहील असा अंदाज आहे. मग दोन गोष्टींची कबुली: प्रवास पुन्हा कधी सुरू होईल हे आम्हाला माहीत नाही, आणि सुरू होईल तेव्हा तो वेगळा असेल. त्यातून निघालेला निर्णय असा, की वाहतूक आणि स्टुडिओ हे विभाग थांबवायचे, हॉटेल आणि लक्झरीतली गुंतवणूक कमी करायची. आणि कोणती कामं उरणार नाहीत, ते या निर्णयावरून ठरतं.

ही साखळी महत्त्वाची, कारण वाचणारा ती तपासू शकतो. स्टुडिओमधल्या माणसाला कळतं, की माझं कामच बंद होतंय. त्याला मनातल्या मनात गेल्या वर्षीचं अप्रेझल उलगडत बसावं लागत नाही. पत्राच्या शेवटी ‘ही तुमची चूक नाही’ असं वाक्य येतं. साखळी आधी दाखवली म्हणूनच त्या वाक्याला वजन आहे. नाहीतर ते नुसतं सांत्वन झालं असतं.

अर्थात, कारण कोविड असेल तर खरं बोलणं तुलनेने सोपं. कारण स्वतःचाच निर्णय असेल तेव्हा खरी परीक्षा. 3 नोव्हेंबर 2022 ला स्ट्राइपने सुमारे 14 टक्के लोक कमी केले. मंदी आणि महागाईकडे बोट दाखवून ते पत्र संपवता आलं असतं. पण संस्थापकांनी लिहिलं, की आम्ही गरजेपेक्षा जास्त लोक घेतले, वाढीबद्दल फार आशावादी राहिलो आणि खर्च भराभर वाढवला. ‘बाजार बदलला’ हे इथेही खरंच होतं. तेवढंच सांगितलं असतं तर तो हत्ती झाला असता.

दुसरा प्रश्न, ‘त्यात मी आहे का?’ इथे आपल्याकडे एक वेगळी खोट दिसते. माझ्या एका मित्राच्या पुण्यातल्या कंपनीत टेस्टिंगच्या दोन टीम एकत्र केल्या. काम एका टीमचं उरलं. मात्र दुसऱ्या टीममधल्या लोकांना एचआरने एकेकटं बोलावून ‘परफॉर्मन्स’चा विषय काढला आणि राजीनामा मागितला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला कमी करताना कारणासह लेखी नोटीस, एक महिन्याचा अवधी आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार अशा अटी घातल्या होत्या. आयटी इंजिनिअर ‘कामगार’ ठरतो का, हा वादाचा मुद्दा. पण स्वतःहून दिलेल्या राजीनाम्याला हे काहीच लागत नाही. म्हणजे राजीनामा मागण्याने पैसे वाचतात आणि कारण लिहून देणंही टळतं. कंपनीच्या रचनेतला बदल माणसाच्या स्वभावातला दोष म्हणून त्याच्या हातात दिला जातो, आणि पुढच्या मुलाखतीत तोच दोष सोबत घेऊन तो बसतो. गेलेल्या पगारापेक्षा हे नुकसान मोठं आहे असं मी म्हणेन.

तिसरा प्रश्न, उद्याचं काय? एअरबीएनबीच्या पत्रात अमेरिकेतल्या लोकांसाठी उत्तर असं होतं: पुढच्या काही तासांत तुम्हाला मीटिंगचं बोलावणं येईल, शेवटचा दिवस 11 मे, किमान 14 आठवड्यांचा मूळ पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे आणखी एक आठवडा, 12 महिने आरोग्यविमा, लॅपटॉप तुमचाच. तीन वर्षं काम केलेला माणूस त्याच संध्याकाळी घरी बसून हिशोब करू शकत होता: 17 आठवडे. त्या पत्रात प्रेमाबद्दलही बरंच आहे आणि लोक तेच आठवतात. पण प्रेमाचं वाक्य कुणाला खोटं ठरवता येत नाही. ‘17 आठवडे’ खोटं ठरवता येतं. पैसे आले नाहीत तर लगेच कळेल. स्वतःला असं पकडून देणारं वाक्य लिहायची तयारी, ही मला प्रामाणिकपणाची सगळ्यात साधी खूण वाटते. याच कसोटीवर ‘यापुढे आणखी कपात होणार नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा लिहू नये. ते धीर देतं, पण लिहिणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

आता सगळ्यात अवघड भाग: पत्राआधीचे आठवडे. निर्णय होतो आणि तो सांगितला जातो, यात वेळ जातोच. नावं पक्की नसताना अर्धवट सांगितलं तर सगळेच घाबरतात. चेस्कीनेही तपशील ठरेपर्यंत थांबल्याचं हेच कारण दिलं. मग गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का? मला तसं वाटत नाही. न सांगणं वेगळं आणि चुकीचा समज पेरणं वेगळं. कपातीबद्दल विचारलं तेव्हा चेस्की सांगत आला होता, की कोणतीही शक्यता नाकारत नाही. ऐकणारा त्यावरून आपली तयारी करू शकत होता.

माझ्या त्या मित्राने मॅनेजरला थेट विचारलं होतं. त्याच्या हातात दुसरी ऑफर होती. ‘सध्या असं काही नाही,’ असं उत्तर मिळालं. त्याने ऑफर सोडली. तीन आठवड्यांनी एचआरचं बोलावणं आलं. ‘सध्या’ हा शब्द तिथे हत्तीचं काम करत होता. मॅनेजरला कदाचित यादी माहीत असेल आणि ती सांगायची मुभा नसेल. तरी एक खरं वाक्य त्याच्याकडे शिल्लक होतं: ‘यावर मी काही बोलू शकत नाही, पण माझ्या भरवशावर ऑफर सोडू नकोस.’ यात कंपनीचं एकही गुपित फुटत नाही. मॅनेजर थोडा अडचणीत आला असता, एवढंच. आणि मित्राला नोकरी असती.