घाई कोणाची?

वडिलांचं घर विकून पैसे खात्यात आले, की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं, ‘लवकर कुठेतरी गुंतव, नाहीतर सगळं टॅक्समध्ये जाईल.’ सांगणारा बहुधा जवळचाच असतो, मामा किंवा मेहुणा, आणि त्याच्या मनात खोट नसते. पण अचानक आलेला पैसा वाया जाण्याची सुरुवात बरेचदा याच वाक्यापासून होते. उधळपट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नवी गाडी, थाटाचं लग्न, परदेशवारी येते. मध्यमवर्गीय मराठी घरात ती क्वचितच अशी उघड्या तोंडाने येते. ती ‘टॅक्स वाचवतोय’ असं सांगत येते, म्हणूनच तिला कोणी अडवत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातला एक फ्लॅट वडिलांनी 1988 साली घेतला. आई आधीच गेलेली, वडील 2023मध्ये गेले. भाऊ आणि बहीण असे दोनच वारस. त्यांनी 10 जून 2025 रोजी तो 80 लाखांना विकला आणि प्रत्येकाच्या वाट्याला 40 लाख आले. वारशाने मिळालेल्या संपत्तीवर भारतात कर नाही. मृत्यूनंतरचा इस्टेट ड्यूटी हा कर 1985मध्येच रद्द झाला. कर आहे तो विक्रीतून झालेल्या नफ्यावर. हा नफा नेमका किती, हे कागदावर मांडेपर्यंत मामांच्या वाक्याला उत्तर देता येत नाही.

वारसाला घर फुकट मिळालं म्हणून त्याची खरेदी किंमत शून्य धरली जात नाही. वडिलांची किंमत आणि वडिलांचा काळ त्याला मिळतो. महागाई निर्देशांकही वडिलांच्या वर्षापासून लावायचा, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मंजुळा शाह प्रकरणात 2011मध्ये दिला. शिवाय घर एप्रिल 2001च्या आधीचं असेल, तर 1 एप्रिल 2001 रोजीची बाजारभावाची किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा लागतो आणि त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर जाता येत नाही. आपल्या उदाहरणात ही किंमत 12 लाख निघाली असं धरू. 2001चा निर्देशांक 100, 2025-26चा 376. म्हणजे 12 लाखांचे झाले 45 लाख 12 हजार, आणि नफा उरला 34 लाख 88 हजार. त्यावर 20 टक्के म्हणजे सुमारे 6 लाख 98 हजार. दुसरी वाट निर्देशांक न लावता 12.5 टक्क्यांची. 68 लाखांच्या नफ्यावर तो कर साडेआठ लाख होतो. घर 23 जुलै 2024च्या आधीचं असल्याने निवासी व्यक्तीला यातला कमी तो कर भरता येतो. (2001ची किंमत 12ऐवजी 8 लाख निघाली असती, तर 12.5 टक्क्यांची वाट स्वस्त पडली असती. म्हणून दोन्ही आकडे मांडायचे.) सेस धरून प्रत्येकाच्या वाट्याला आला साधारण 3 लाख 63 हजारांचा कर.

40 लाखांपैकी 3 लाख 63 हजार. ‘सगळं’ नव्हे, दहावा हिस्साही नव्हे.

आता हा कर वाचवायला भावाने काय करायचं ठरवलं ते पाहू. घर विकून झालेला नफा दुसऱ्या घरात घातला तर कर लागत नाही, ही 1961च्या कायद्यातल्या कलम 54ची सवलत त्याला कोणीतरी सांगितली. सवलतीसाठी घालायचा असतो फक्त नफा, म्हणजे त्याच्या बाबतीत 17 लाख 44 हजार. पण तेवढ्यात पुण्यात फ्लॅट येत नाही. मग 75 लाखांचा बघितला. 40 लाखांचं कर्ज काढायचं, 35 लाख वारशातले घालायचे. 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 5 लाख 25 हजार आणि वर नोंदणीचे 30 हजार. थांबून पाहिलं तर इथेच हिशेब उलटतो. सरकारला 3 लाख 63 हजार द्यायचे नाहीत म्हणून त्याच सरकारला 5 लाख 55 हजार द्यायचे. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 34 हजार 700 आणि वीस वर्षांत व्याजापोटी जाणारी रक्कम 43 लाखांच्या घरात. राहायला घर हवंच असेल, तर हा फ्लॅट घेण्यात काही गैर नाही. माणसं कर्ज काढूनच घरं घेतात. पण ज्याच्याकडे राहायला घर आहे तो निव्वळ कराच्या भीतीने दुसरं घेतो, तेव्हा त्याच्या वारशाचा मालक पुढची वीस वर्षं बँक असते.

बहिणीने दुसरा पर्याय पाहिला, जो फारसा कोणी आवर्जून सांगत नाही, कारण त्यात कोणाला मोठं कमिशन नाही. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या 54ईसी रोख्यांत नफ्याइतकी रक्कम घातली की तेवढ्यावर कर लागत नाही. कमाल मर्यादा 50 लाख, मुदत पाच वर्षं, व्याज 5.25 टक्के आणि व्याजावर मात्र कर. दर ऐकून नाक मुरडायला होतं. पण तुलना 5.25 टक्क्यांची बँकेच्या ठेवीशी करायची नसते. कर भरला असता तर साडेसतरा लाखांतले 13 लाख 87 हजारच हातात राहिले असते. पाच वर्षांनी रोख्यांचं मुद्दल आणि व्याज मिळून 22 लाख 9 हजार होतात. 13 लाख 87 हजारांना तिथवर पोचायला दरसाल पावणेदहा टक्के वाढ लागते. बहीण तीस टक्क्यांच्या करपातळीत असली आणि रोख्यांच्या व्याजावरचा कर वजा केला, तरी बरोबरीसाठी कर जाऊन आठ टक्क्यांहून जास्त मिळवावे लागतात. जोखीम न घेता हे जवळपास अशक्य. अडचण एवढीच, की पाच वर्षं पैसे अडकतात आणि रोखे तारण ठेवून कर्ज काढलं तर सवलत जाते. पाच वर्षांच्या आत पैसे लागणार असतील तर सरळ कर भरावा.

या सगळ्यात खऱ्या मुदती किती? रोख्यांसाठी विक्रीपासून सहा महिने, म्हणजे आपल्या उदाहरणात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी काम संपवलेलं बरं. तयार घर घ्यायला दोन वर्षं, बांधायला तीन. विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नाही, तर कॅपिटल गेन्स अकाउंट योजनेच्या खात्यात बँकेत पैसे ठेवायचे. सवलत टिकते आणि घर नाहीच घेतलं तर कर तीन वर्षं संपल्यावर लागतो. थांबण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. एप्रिल 2026पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले. पण ‘आजच्या आज’ असं तेव्हाच्या कायद्यातही नव्हतं.

आजच्या आज म्हणतात ती बाकीची मंडळी. खात्यात 40 लाख जमा झाल्याचं बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरला दोन दिवसांत कळतं आणि चहाचं आमंत्रण येतं. त्याच्या महिनाअखेरीच्या टार्गेटला मुदत असते, ती आपल्या पैशाची मुदत म्हणून समोर मांडली जाते. बहुतेक वेळा टेबलावर विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेली एखादी पॉलिसी असते. सही होऊन गेली असेल, तरी पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कपात सोडून पैसे मिळतात. हे तीस दिवस चहाच्या वेळी कोणी सांगत नाही.

वारसदारांच्या बाबतीत एक जास्तीची सावधगिरी आहे. वडिलांच्या ठेवीवर नाव भावाचं नॉमिनी म्हणून होतं, तर ती ठेव भावाचीच, असं घरोघरी समजतात. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023मध्ये शेअर आणि फंडांबाबत स्पष्ट केलं, की नॉमिनी हा मालक होत नाही, वारसाहक्क वेगळा ठरतो. बँकेतल्या ठेवींबाबतही न्यायालयांनी हीच भूमिका घेतली आहे. म्हणून पैसे कोणाचे हे लेखी ठरेपर्यंत नॉमिनीने त्याला हात न लावणं शहाणपणाचं. बहीण-भावाचं बोलणं बंद होण्याचं कारण बऱ्याचदा रक्कम नसते. एकाने न विचारता काढलेले पैसे असतात.

थांबायचं ठरलं तर पैसे ठेवायचे कुठे? सगळे एकाच सहकारी बँकेत, दर अर्धा टक्का जास्त म्हणून, हे पुणेकरांना तरी सांगायला नको. रुपी बँकेवर 2013मध्ये निर्बंध आले आणि 2022मध्ये परवाना रद्द झाला. मधली नऊ वर्षं ठेवीदार हेलपाटे घालत राहिले. ठेव विम्याचं संरक्षण 2020पासून एका बँकेत एका व्यक्तीला व्याजासकट पाच लाखांपर्यंत आहे. त्यामुळे लहान बँकांत पाच लाखांच्या आत आणि मोठी रक्कम मोठ्या बँकेच्या तीन-सहा महिन्यांच्या ठेवीत किंवा सरकारच्या ट्रेझरी बिलांत ठेवता येते. यात कोणी श्रीमंत होत नाही. विचार करायला मिळालेल्या काळाचं ते भाडं आहे.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांना 2017मध्ये नोबेल मिळालं. माणसं पैशावर मनातल्या मनात लेबलं लावतात आणि लेबलानुसार वागतात, हा त्यांच्या कामातला एक धागा. बोनस आला की ‘वरचे पैसे’ हे लेबल लागतं. तीस टक्क्यांच्या करपातळीत तीन लाखांच्या बोनसचे हातात 2 लाख 6 हजार येतात. खर्चाचे बेत मात्र तीन लाखांचे झालेले असतात. वारशाला नेमकं उलट लेबल लागतं. ‘बाबांचे पैसे’ म्हणून ते जसे होते तसेच ठेवायचे, बाबांनी घेतलेले एका कंपनीचे शेअर विकायचे नाहीत, बाबांच्या आवडत्या बँकेतून हलवायचे नाहीत. मला हे दुसरं जास्त अवघड वाटतं, कारण तिथे हिशेब मांडणं हेच अपमानासारखं वाटतं. त्यावर एक प्रश्न उपयोगी पडतो: हीच रक्कम आज रोख हातात असती, तर मी हेच शेअर घेतले असते का?

रोख्यांत साडेसतरा लाख गेल्यावर बहिणीकडे उरले साडेबावीस. तिच्या स्वतःच्या घराचं 12 लाखांचं कर्ज शिल्लक होतं, साडेआठ टक्क्यांनी. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. साडेआठ टक्के खात्रीने वाचवणारी दुसरी जागा तिला सापडली नसती, म्हणून कर्ज फेडलं. तीन लाख अडीअडचणीसाठी ठेवीत टाकले. साडेसहा लाख शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात जाणार होते, ते लिक्विड फंडात ठेवून महिन्याला पन्नास-पंचावन्न हजार असे वर्षभर वळते करायचे ठरवले. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने 2012मध्ये केलेल्या अभ्यासात एकरकमी गुंतवणूक साधारण तीनपैकी दोन वेळा सरस ठरली होती, म्हणजे हप्त्यांची वाट सरासरीने तोट्याची. पण जानेवारी 2008मध्ये सेन्सेक्स 21 हजारांवर होता आणि मार्च 2009मध्ये आठ हजारांच्या आसपास. बाबांच्या घराचे पैसे वर्षभरात निम्म्याखाली गेलेले बघून जो माणूस तळाला विकून बाहेर पडेल, त्याच्यासाठी थोडा कमी परतावा परवडला. तिने स्वतःबद्दल तोच अंदाज केला. उरलेल्या एका लाखाचं काय करायचं हे तिने कोणाला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.